हिनकलचा निळा ठिपका

बासष्टाव्या वर्षी भवानीबाई गाडी चालवायला शिकू लागल्या, आणि ते त्यांनी घरात कुणालाही सांगितलं नाही.

मैसूरच्या अग्रहारात त्यांचं घर. घरासमोर होंगेच्या झाडाखाली त्यांची पांढरी गाडी वर्षभर उभी होती. तिच्यावर झाडाची फुलं पडायची, पक्ष्यांची घाण पडायची, आणि त्यांचे यजमान रघुनाथराव रोज सकाळी ओल्या फडक्यानं ती पुसायचे. पुसायचे तेवढंच. वीज मंडळात असताना त्यांनी तीस वर्षं जीप चालवली होती, रात्री-अपरात्री तुटलेल्या तारा शोधत सगळा तालुका पालथा घातला होता. मग डोळ्यांत काचबिंदू निघाला. समोरचं दिसायचं, पण दोन्ही कडा गेल्या होत्या, नळीतून बघावं तसं. डॉक्टर म्हणाले, आता स्टीअरिंगला हात नको. रघुनाथरावांनी वाद घातला नाही. त्यांनी किल्ली देवघरातल्या कोनाड्यात ठेवली आणि तेव्हापासून ते घराबाहेर पडायचेच कमी झाले. रिक्षात बसायला सांगितलं की म्हणायचे, “सुम्ने, उगाच कशाला? काय काम आहे?”

त्या कोनाड्यातली किल्ली रोज दिवा लावताना भवानीबाईंच्या नजरेला पडायची. शेवटी एक दिवस त्यांनी शिकाऊ लायसन्स काढलं आणि चैत्राचा क्लास लावला.

चैत्रा तिशीतली, हिनकलला तिचं छोटं ड्रायव्हिंग स्कूल होतं. एकच गाडी, मागे-पुढे लाल ‘एल’, आणि चैत्राच्या पायाशी जादा ब्रेक. अग्रहारातही क्लास होते, पण तिथे गल्लीतली प्रत्येक बाई भवानीबाईंना ओळखायची. गाडी नीट येईपर्यंत त्यांना कुणाची नजर नको होती, आणि नवऱ्याची तर नकोच. नवऱ्याचं लक्ष एकदा गाडीच्या आवाजावर गेलं की तो शिकवायला लागणार, आणि पन्नास टक्के भांडण तिथेच. म्हणून रोज सकाळी रघुनाथरावांचा नाश्ता झाला की त्या “भाजीला जाते” म्हणायच्या, फोनवरून रिक्षा मागवायच्या आणि हुणसूर रस्त्यानं हिनकलला जायच्या.

हे चार-पाच दिवस सुरळीत चाललं. मग जर्मनीहून मुलीचा फोन आला.

“अम्मा, तू रोज हिनकलला काय करतेस?”

नव्या, त्यांची मुलगी, लाइपझिगला एका कंपनीत होती. ती, तरुण नावाचा तिचा नवरा आणि सात वर्षांची अन्विता, असं तिघांचं कुटुंब. भवानीबाईंच्या हातातला फोन नव्याचाच जुना, अजून जर्मन भाषेतला. गेल्या खेपेला ती आली तेव्हा आईला देऊन गेली होती, आणि त्यावर घराचं चित्र असलेलं एक अ‍ॅप टाकून गेली होती. त्या अ‍ॅपात आई कुठे आहे ते नव्याला नकाशावर निळ्या ठिपक्यानं दिसायचं. भवानीबाईंना हे माहीत होतं. फक्त आपण ज्या गल्लीत वळतो ती गल्लीसुद्धा तिला दिसते, हे त्यांना त्या दिवशी नीट उमगलं.

“भजन,” त्या पटकन म्हणाल्या. “हिनकलला एक भजनी मंडळ आहे.”

“तू? भजन?”

“का, मी म्हणू नये?”

“अम्मा, तो ठिपका एका जागी नसतो. रस्त्यावर गोल गोल फिरतो.”

“मग नगरप्रदक्षिणा असते आमची,” भवानीबाई म्हणाल्या आणि कुकरची शिट्टी झाली असं सांगून त्यांनी फोन ठेवला. कुकर चढवलेलाच नव्हता.

खोटं बोलल्याचं त्यांना वाईट वाटलं, पण खरं सांगितलं असतं तर नव्यानं त्याच मिनिटाला अप्पांना फोन केला असता. शिवाय ती घाबरली असती. गेल्या उन्हाळ्यात रघुनाथरावांना चक्कर येऊन ते पडले होते, दवाखान्यात ठेवावं लागलं होतं, आणि मुलीला उगाच काळजी नको म्हणून भवानीबाईंनी ते घरी आल्यावरच तिला कळवलं होतं. ते नव्याच्या मनातून गेलं नव्हतं. अ‍ॅप त्यानंतरच आलं.

दुसऱ्या दिवशी रिक्षात बसायच्या आधी भवानीबाईंनी स्वतःच एक उपाय केला. फोनच्या वरून बोट खाली ओढलं की चौकोनांची एक पाटी उतरते, त्यातल्या एकावर टाचणीसारखं चिन्ह होतं. खाली अक्षरं होती, त्यांनी ती इंग्रजीसारखी वाचली: स्टँडॉर्ट. टाचणी म्हणजे जागा, एवढं त्यांना रिक्षाच्या अ‍ॅपवरून ठाऊक होतं. त्यांनी ती दाबली. चौकोनाचा रंग गेला.

पण हा तर सगळ्या फोनचाच खटका निघाला. रिक्षाच्या अ‍ॅपलाही त्या कुठे उभ्या आहेत ते कळेना. त्यानं जर्मनमधून काहीतरी विचारलं, त्यांनी नाही म्हटलं, आणि रिक्षा जाऊन उभी राहिली मागच्या चौकात, भलत्याच औषधाच्या दुकानापाशी. रिक्षावाला फोनवर ओरडतोय, भवानीबाई उन्हात शोधताहेत. हिनकलला पोचायला उशीर झाला. त्यात नव्याचा निरोप येऊन पडला: “अम्मा, फोन बंद पडलाय का? ठीक आहेस ना?” त्यांनी खटका पुन्हा चालू केला.

गाडी शिकवताना चैत्राला त्यांनी हे सांगितलं तेव्हा ती हसली. “आंटी, सगळं लोकेशन बंद करायचं नाही. फक्त त्या एका अ‍ॅपचं बंद करायचं. द्या इकडे.”

गाडी एका रिकाम्या प्लॉटच्या कडेला लावून चैत्रानं फोन हातात घेतला आणि तिचा चेहरा पडला. “हे काय? कुठली भाषा?”

“जर्मन.”

“अय्यो, कन्नड करून टाकते. दोन मिनिटांचं काम.”

“बेडा, बेडा!” भवानीबाईंनी फोन तिच्या हातातून जवळजवळ हिसकावून घेतला. “भाषा बदलायची नाही.”

चैत्राला कळेना. मग भवानीबाईंना सांगावं लागलं. अन्विता घरात आईशी मराठी बोलायची, पण मोडकंतोडकं. शाळा जर्मन, मैत्रिणी जर्मन, रागवायची तीही जर्मनमध्ये. गेल्या खेपेला फोन देताना भाषा बदलायला नव्या बसली होती, तर पोरीनं आजीचा हात धरला. म्हणाली, अज्जी, तू माझी भाषा शीक, मी तुझी शिकते. फोन असाच ठेव. भवानीबाई हो म्हणाल्या. तेव्हापासून दर रविवारी व्हिडिओवर अन्विता त्यांची परीक्षा घ्यायची. आज फोनवर कुठला शब्द वाचलास? आणि भवानीबाई तिला ‘ओवी’ किंवा ‘कोशिंबीर’ म्हणायला लावायच्या. आता गुपचूप भाषा बदलली असती तर अन्विताला कधी कळलं नसतं. भवानीबाईंना मात्र रविवारी तिच्याकडे बघवलं नसतं.

“मग असं करू,” चैत्रा म्हणाली आणि तिनं स्वतःचा फोन काढला. तो कन्नडमध्ये होता. “रस्ता बघून घ्या. हे दातेरी चाक, सेटिंग. आत गेलं की खाली कुठेतरी टाचणी. टाचणीच्या आत अ‍ॅपच्या परवानग्या. त्यात तुमचं अ‍ॅप शोधायचं, आणि आत तीन-चार पर्याय असतात. तुमचा फोन दुसऱ्या कंपनीचा, ओळी वर-खाली असतील. पण रस्ता हाच.”

भवानीबाईंनी दोनदा बघून घेतला.

दुपारी रघुनाथराव झोपल्यावर त्या स्वयंपाकघरात पाटावर बसल्या, चष्मा पुसला आणि दातेरी चाकावर बोट ठेवलं. वर मोठ्या अक्षरांत शब्द आला: आइनस्टेलुंगेन. तो त्यांनी एका रविवारी अन्विताला वाचून दाखवला होता, आणि ती “श्टे, अज्जी, श्टे!” म्हणून ओरडली होती. म्हणजे जागा बरोबर आहे. त्या ओळीओळीनं खाली सरकत गेल्या. एकेका ओळीपुढे चित्र होतं म्हणून बरं. बॅटरी ओळखू आली, घंटी ओळखू आली. बरंच खाली टाचणी दिसली आणि शेजारी तोच सकाळचा शब्द, आता अन्वितासारखा वाचला तर श्टांडऑर्ट. त्याखाली बारीक अक्षरांत ‘आन’ असं काहीतरी. लाइपझिगच्या घरात दिवा लावतात तेव्हा पोरगी ‘आन’ म्हणते, म्हणजे हे चालू आहे.

टाचणी दाबली. सगळ्यात वर एक मोठा खटका, चालू असलेला. तो सकाळचाच खटका असणार. त्यांनी बोट मुद्दाम त्याच्यापासून लांब ठेवलं. खाली काही अ‍ॅपची नावं होती, रिक्षाचं होतं, घराचं चित्र होतं. त्यांच्याही खाली एक शब्द ‘अ‍ॅप’नं सुरू होणारा, मग पुन्हा श्टांडऑर्ट, आणि मग तो पुढे चालतच राहिला. एवढा लांब शब्द त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. पण अ‍ॅप आणि जागा दोन्ही त्यात होतं. त्यांनी तो दाबला.

आता अ‍ॅपची यादी आली, गटागटानं. पहिल्या गटाच्या डोक्यावर लिहिलं होतं, “इम्मर…” आणि त्या गटात एकटंच घराचं चित्र.

“इम्मर,” भवानीबाई मोठ्यानं म्हणाल्या, आणि त्यांना हसू फुटलं. हा शब्द त्यांना वाचून नव्हे, ऐकून पाठ होता. व्हिडिओवर त्यांचं कपाळच तेवढं दिसायला लागलं की अन्विता चिडायची: अज्जी, तू इम्मर असं करतेस! इम्मर फोन वर धरतेस! इम्मर म्हणजे नेहमी. नेहमी, चोवीस तास. अगदी बरोबर.

घराचं चित्र दाबल्यावर चार ओळी आल्या, प्रत्येकीपुढे एक गोल. पहिल्या गोलात ठिपका भरलेला होता: इम्मर त्सूलासेन. दुसरी ओळ लांबलचक, तिच्या सुरुवातीला ‘नुअर’. नुअर म्हणजे फक्त. बिस्किटांचा डबा उघडला की पोरीला नव्या बजावते, नुअर आइन, फक्त एक. फक्त… पण फक्त काय, ते काही कळेना. तिसरी ओळ तर अगदीच परकी. आणि चौथी: निख्त त्सूलासेन.

निख्त! निख्त म्हणजे नाही. अन्विताचं रोजचं, पालक निख्त. दूध निख्त. अंघोळ निख्त. आणि ते ‘त्सूलासेन’ पहिल्या ओळीतही होतं, चौथीतही. नेहमी त्सूलासेन, नाही त्सूलासेन. मग त्सूलासेन म्हणजे मुभा देणं, दुसरं काय असणार? भवानीबाईंनी शेवटचा गोल दाबला. ठिपका पहिल्या ओळीतून निघून चौथीत आला. मागे जाऊन पाहिलं तर घराचं चित्र आता यादीच्या तळाशी, ‘निख्त’च्या गटात जाऊन बसलं होतं. रिक्षाचं अ‍ॅप होतं तिथेच, ‘नुअर’च्या गटात. त्याला धक्का लागला नव्हता.

त्यांनी खात्री करायला लगेच रिक्षा मागवून पाहिली. नकाशावर टाचणी थेट त्यांच्या दारात उभी राहिली. त्यांनी रिक्षा रद्द केली आणि स्वतःसाठी कपभर कॉफी टाकली. एका परक्या देशाच्या कचेरीत जाऊन, कुणाला न विचारता, आपलं काम करून आल्यासारखं त्यांना वाटत होतं. हे सगळ्यात आधी अन्विताला सांगावंसं वाटलं, आणि तिलाच सांगता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रिक्षा बरोबर दारात आली. भवानीबाई हिनकलला गेल्या, फोन आवाज बंद करून पिशवीत घातला आणि पिशवी मागच्या सीटवर ठेवली. शिकवताना फोन हातात नको, हा चैत्राचा नियम होता.

एक गोष्ट त्यांना माहीत नव्हती. ते अ‍ॅप गप्प बसणारं नव्हतं. लाइपझिगला सकाळ झाली, ट्राममध्ये बसल्यावर नव्यानं नेहमीसारखं अ‍ॅप उघडलं, तर आईच्या नावाखाली लिहिलं होतं: या सदस्यानं लोकेशनची परवानगी बंद केली आहे. फोन बंद आहे असं नाही. रेंज नाही असंही नाही. परवानगी बंद केली.

अम्मा हे कसं करेल? अम्माला जर्मन कुठे येतं? म्हणजे फोन दुसऱ्याच कुणाच्या हातात आहे. रोज हिनकलला बोलावून घेणारं ते भजनी मंडळ! नव्यानं आईला फोन लावला, वाजत राहिला. पुन्हा लावला. मग अप्पांच्या बटणांच्या फोनवर लावला.

“भाजीला गेली आहे,” रघुनाथराव म्हणाले.

“अप्पा, ती रोज हिनकलला जाते! तुम्हाला ठाऊक नाही?”

रघुनाथरावांना ठाऊक नव्हतं. रोज दीड-दोन तासांनी बायको परत येते, पिशवीत दोन गड्ड्या कोथिंबीर असते, एवढंच त्यांना ठाऊक. त्यांनी मुलीला “तू घाबरू नको, मी बघतो,” म्हटलं, पायात चपला घातल्या, आणि कित्येक महिन्यांनी एकटे घराबाहेर पडून, भिंतीला हात लावत कोपऱ्यावरच्या रिक्षा स्टँडवर गेले.

पद्मनाभ त्यांच्या गल्लीचा रिक्षावाला. “सर, तुम्ही? एकटे?”

“हिनकलला चल. आमच्या घरातल्या बाई तिथे आहेत. कुठे ते माहीत नाही.”

“फोन करून विचारू या की.”

“उचलत नाहीत.”

पद्मनाभनं लगेच रिक्षा काढली.

हिनकलच्या चौकातून आत वळल्यावर ते दोन-चार गल्ल्या फिरले. देवळापाशी थांबून पद्मनाभनं भजनी मंडळाची चौकशी केली, तर पुजाऱ्यानं नकारार्थी मान हलवली. पुढे एका वळणावर रिक्षा थांबवावी लागली. समोर रस्त्याच्या मधोमध एक गाडी आडवी बंद पडली होती. मागून दोन स्कूटरवाले हॉर्न वाजवत होते, आणि एक टेम्पोवाला खिडकीतून डोकं काढून बोलत होता.

“एल बोर्ड आहे, सर,” पद्मनाभ वैतागून म्हणाला. “आता ही गाडी इथून कधी हलणार!”

आणि त्या हॉर्नमधून एका बाईचा आवाज आला, ठणठणीत कन्नडमध्ये: “अरे थांब की रे बाबा स्वल्प! तू काय आईच्या पोटातून शिकून आलास?”

रघुनाथरावांनी तो आवाज चाळीस वर्षं ऐकला होता. ते रिक्षातून उतरले. समोरचं तेवढं त्यांना दिसत होतं. त्यांनी मान हळूहळू फिरवून ती नळी त्या गाडीच्या खिडकीवर आणली. स्टीअरिंगमागे त्यांची बायको होती, पदर खोचलेली, कपाळावर घाम.

भवानीबाईंनीही त्यांना पाहिलं. हॉर्न चालूच होते, पण त्यांना काही ऐकू येईनासं झालं. नवरा एकटा, भर रस्त्यात, इतक्या लांब! “अहो! तुम्ही इथे कसे? काय झालं? नव्या बरी आहे ना?”

रघुनाथराव खिडकीपाशी आले. त्यांचा चेहरा रागाचा होता, निदान सुरुवातीला. त्यांनी खिडकीच्या काठावर हात टेकला, एक श्वास घेतला आणि म्हणाले, “आधी न्यूट्रल कर.”

“काय?”

“गियरमध्ये ठेवून चावी फिरवतेस. मघापासून ऐकतोय. न्यूट्रल कर, मग चालू कर. आणि क्लच सोडताना पाय उचलू नको, टाच जमिनीवर टेकव. हां. हळू. अजून हळू.”

गाडी एकदा थरथरली आणि पुढे सरकली. टेम्पोवाला काहीतरी पुटपुटत निघून गेला. शेजारी बसलेल्या चैत्राचा पाय इतका वेळ ब्रेकपाशी तयारीत होता, तो तिनं काढून घेतला.

कडेला गाडी लावून भवानीबाई उतरल्या आणि त्यांनी आधी पिशवीतला फोन काढला. नव्याचे न घेतलेले फोन ओळीनं साचले होते. त्यांनी फोन लावला. पहिल्या घंटीलाच नव्यानं उचलला आणि आईचा आवाज ऐकून ती रडायलाच लागली. आजूबाजूला ट्रामचे, माणसांचे आवाज येत होते. ती स्टॉपवर उतरून तिथेच उभी राहिली होती.

“मी ठीक आहे ग. ठीक आहे. गाडी शिकते आहे मी.”

“काय शिकते आहेस?”

“गाडी. आपली. अप्पांना बसवून न्यायला.”

नव्यानं नाक ओढलं. मग म्हणाली, “आणि ते बंद कुणी केलं?”

“मीच केलं. निख्त त्सूलासेन.”

मग नव्याचा हुंदका आला, त्यात थोडं हसूही होतं. “अम्मा, मला ऑफिसला उशीर झालाय. संध्याकाळी बोलते. खूप बोलायचंय मला.”

परत येताना रघुनाथराव चैत्राच्या गाडीत मागे बसले. पद्मनाभला त्यांनी पाठवून दिलं होतं. मुख्य रस्त्यापर्यंत भवानीबाईंनी गाडी चालवली, आणि ते मागून डोळे मिटून फक्त इंजिन ऐकत होते. “सेकंड टाक, रडतंय ते,” एवढंच एकदा म्हणाले. घरी आल्यावर मात्र पाणी पिताना म्हणाले, “माझ्यापासून का लपवलंस?”

“तुम्ही शिकवायला बसला असता.”

“मग?”

“मग आपलं भांडण झालं असतं आणि मी सोडून दिलं असतं.”

रघुनाथरावांनी भांडं खाली ठेवलं. “हौदु,” ते म्हणाले. “झालं असतं.” मग जरा वेळानं: “टाच टेकवायची लक्षात ठेव.”

संध्याकाळी नव्याचा व्हिडिओ आला. भवानीबाई रागवून घ्यायच्या तयारीनं बसल्या होत्या. नव्या रागावलीच, पण फार वेळ नाही. अप्पांच्या वेळी मला शेवटी कळलं, ती म्हणाली, आता पुन्हा तसंच होईल असं वाटलं. भवानीबाईंनी ते मान्य केलं. म्हणाल्या, “तेव्हा माझं चुकलं. पण मी बासष्ट वर्षांची बाई आहे, नव्या. मी कुठल्या गल्लीत वळले ते कुणी बघत असलं की मला चोरून वळावंसं वाटतं.”

“मी तुझ्यावर नजर ठेवायला बघत नव्हते,” नव्या हळूच म्हणाली. “म्हणजे, सुरुवातीला काळजीनंच. मग ती सवय झाली. सकाळी ट्राममध्ये बसले की मी तुझा ठिपका बघते. तो मार्केटकडे निघाला की मला कळतं, आता तू फुलांच्या ओळीत असशील. इथे बाहेर अंधार असतो, बर्फ असतो. आणि तू तिथे उन्हात चाललेली असतेस. मी पण तुझ्याबरोबर चालते थोडी. बस, एवढंच.”

भवानीबाईंना इतके दिवस वाटत होतं की तो ठिपका त्यांच्या मानेवर बसलाय. तो कुणाला सोबत करत असेल हे त्यांच्या मनातच आलं नव्हतं. रघुनाथराव शेजारी बसून ऐकत होते, त्यांनी बायकोकडे मान वळवली.

“त्या यादीत मधे एक लांब ओळ होती,” भवानीबाई शेवटी म्हणाल्या. “नुअरवाली. तिचा अर्थ काय ग?”

“वाच बघू.”

व्हिडिओ चालू ठेवूनच त्यांनी त्याच फोनवर पुन्हा दातेरी चाक उघडलं, आणि अडखळत एकेक शब्द वाचला. नुअर वेरेंट डेअर नुत्सुंग डेअर अ‍ॅप त्सूलासेन. मागे कुठेतरी अन्विता उड्या मारत उच्चार सुधारत होती.

“अ‍ॅप वापरात असेल तेवढ्यापुरतीच परवानगी,” नव्यानं सांगितलं. “तू स्वतः ते उघडशील तेव्हाच मला दिसेल. बंद केलंस की नाही दिसणार.”

“म्हणजे मी बोलावलं तर तू येशील.”

नव्या हसली. “तसंच समज.” मग तिचा आवाज थोडा ओढला गेला. “पण अम्मा, काही झालं तर? तेव्हा तू उघडणार नाहीस.”

“काही झालं तर अप्पा तुला पहिला फोन करतील. मी नाही, ते. माझ्यावर तुझा भरवसा नाही, ठाऊक आहे मला.”

“मी करीन,” रघुनाथराव म्हणाले. “शब्द देतो.”

नव्यानं मान डोलावली. भवानीबाईंनी दुसरा गोल दाबला. ठिपका ‘निख्त’ सोडून दोन ओळी वर चढला.

“आता मला काय शिकवशील?” अन्विता कॅमेऱ्यात तोंड घालून म्हणाली. “मी तुला आज किती शिकवलं!”

भवानीबाईंनी तिला ‘टाच’ शिकवलं. पोरगी बराच वेळ टाच, टाच म्हणत जमिनीवर आपटत राहिली.

लायसन्स काही लगेच मिळालं नाही. पहिल्या परीक्षेत भवानीबाईंनी रिव्हर्समध्ये खांबाला गाडी टेकवली आणि साहेबांनी नापास केलं. दुसऱ्या खेपेला पास झाल्या. मधल्या काळात रघुनाथराव रोज हिनकलला येऊन मागच्या सीटवर बसायचे, आणि चैत्रा म्हणायची, आंटी, तुमच्या फीमध्ये दोन मास्तर झाले. घरी भांडणंही झाली, दोन तर चांगली कडाक्याची झाली. पण भवानीबाईंनी सोडलं नाही.

पण ते सगळं पुढचं; त्या व्हिडिओनंतरच्या सोमवारी त्या खरंच भाजीला निघाल्या. मार्केटच्या दारात उभं राहून त्यांनी फोन काढला, घराचं चित्र दाबलं आणि उघडा फोन हातात धरून आत शिरल्या. केळीवाले, हळद-कुंकवाचे ढीग, मग फुलांची ओळ. मल्लिगेच्या, म्हणजे मोगऱ्याच्या, माळा मोजून देणाऱ्या बाईपुढे त्या थांबल्या. भाव ऐकून पुढे गेल्या, पुन्हा मागे आल्या. फोन थरथरला.

नव्याचा निरोप होता: “एवढा वेळ थांबलीस म्हणजे महाग आहेत. घे ग, घेऊन टाक.”

भवानीबाईंनी दोन हात माळ घेतली, अर्धी तिथेच वेणीत माळली आणि फोन उघडा ठेवूनच नारळांकडे वळल्या.